शब्द लांबतो, स्वर आखूडतो

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत काही चुका अशा आढळतात की त्या आळसामुळे झालेल्या नसतात. उलट, विचार करून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातूनच त्या अधिक घडतात. ‘उच्चारणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘प्रनाउन्स’ हे आहे. त्याची अक्षरे पी, आर, ओ, एन, ओ, यू, एन, सी, ई. या क्रियापदाचे नाम लिहावयास सांगितले म्हणजे विचारी विद्यार्थी मूळ शब्द जसाच्या तसा ठेवतो, शेवटचा ‘ई’ तेवढा काढतो, त्यास नामाचा प्रत्यय जोडतो आणि ‘प्रनाउन्सिएशन’ असा शब्द सिद्ध करतो. तर्काच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकलेले नसते. परंतु कोशात पाहावे तर तेथे ‘प्रनन्सिएशन’ हा शब्द दिसतो, आणि त्याच्या मध्यभागी ‘ओ-यू’ या जोडीऐवजी एकटा ‘यू’ उभा असतो. मधला ‘ओ’ कोठे गेला?

दुसरे उदाहरण ‘मेन्टेन’ या क्रियापदाचे. अर्थ राखणे, चालू स्थितीत ठेवणे. त्याच्या नामाचा उपयोग तर आपल्या भागात इंग्रजी न जाणणारेही करतात. गिरणीत, मोटारींच्या दुरुस्तीखान्यात, उद्यमबागेतील कारखान्यांत ‘मेंटेनन्स’ हा शब्द सर्रास कानी पडतो. क्रियापदात ‘ए-आय’ ही जोडी दोनदा येते: एकदा ‘मेन्’मध्ये, एकदा ‘टेन’मध्ये. नामात मात्र पहिली जोडी शाबूत राहते आणि दुसरीच्या जागी केवळ ‘ई’ येतो. एकाच शब्दातील दोन सारख्या जोड्यांपैकी एक टिकावी व दुसरी जावी, हा भेदभाव कशासाठी?

असे शब्द पाठ करून घेण्याचीच बहुधा रीत आहे. परंतु या बदलांमागे एक नियम आहे, आणि तो मराठी मुलांना परका नाही. आपण रोज मराठी लिहिताना तोच पाळत असतो. म्हणून प्रथम आपल्या घरातच पाहू.

‘फुटणे’ हे क्रियापद लिहिताना ‘फु’ ऱ्हस्व असतो. त्याचेच नाम ‘फूट’. येथे ‘फू’ दीर्घ झाला. ‘लुटणे’ आणि ‘लूट’, ‘चुकणे’ आणि ‘चूक’, ‘चिडणे’ आणि ‘चीड’, ‘पिळणे’ आणि ‘पीळ’, ‘विणणे’ आणि ‘वीण’ या सर्व जोड्यांत हेच घडते. निपाणीच्या बाजारात तंबाखू वाळून वजन घटले की ‘तूट’ आली म्हणतात. ती ‘तुटणे’ या क्रियापदापासूनच आलेली. क्रियापद व नाम यांच्या लेखनात एका मात्रेचा फरक पडतो, आणि शुद्धलेखनाच्या वहीत अनेकांचे गुण याच फरकापायी जातात. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांत याचा स्पष्ट उल्लेख आहे: मराठी अकारान्त शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार किंवा उकार दीर्घ लिहावा.

यावरून असे वाटेल की नाम झाले म्हणून स्वर दीर्घ झाला. तसे नाही. ‘तुटीचे अंदाजपत्रक’ या शब्दांत ‘तूट’ हे नामच आहे, तरी त्याचा उकार ऱ्हस्व झाला आहे. ‘लुटीत’, ‘चुकीने’, ‘फुटीर’ यांचेही तसेच. उलट ‘उठणे’ हे क्रियापद. पण आज्ञा करताना आपण ‘ऊठ’ असे दीर्घ लिहितो. ‘ऊठ’ हे काही नाम नव्हे. म्हणजे प्रश्न नामाचा किंवा क्रियापदाचा नसून शब्दाच्या लांबीचा आहे. ‘चूक’ हा शब्द मोठ्याने उच्चारून पाहा. ‘क’मधील ‘अ’ बोलताना जवळजवळ नाहीसा होतो आणि सारा शब्द एकाच ठोक्यात संपतो. त्या एका ठोक्यात स्वराला पसरावयास जागा मिळते. पुढे ‘णे’, ‘ईने’ असे काही जोडले की शब्दाचे ठोके वाढतात, आणि मागच्या स्वराला आपले अंग आखडून घ्यावे लागते. शब्द लांबतो, तेव्हा स्वर आखूडतो. आणि आपली लिपी तो बदल इमानाने टिपून ठेवते.

आता हेच सूत्र घेऊन पुन्हा इंग्रजीकडे जाऊ. शब्दाच्या अशा एका ठोक्यास आपण शब्दावयव म्हणू. ‘प्रनाउन्स’ या क्रियापदात दोन अवयव आहेत: ‘प्र’ आणि ‘नाउन्स’. जोर दुसऱ्या अवयवावर पडतो. नामात पाच अवयव होतात: ‘प्र-नन्-सि-ए-शन’. मुख्य जोर आता ‘ए’वर गेला आहे आणि ‘नन्’च्या पुढे आणखी तीन अवयव उभे आहेत. अशा ठिकाणी ‘नाउन्स’मधील लांब स्वराला तेवढे पसरून राहता येत नाही. तो आखडतो व ‘नन्’ असा आखूड उच्चार होतो.

परंतु ‘आउ’ आखडला तर ‘अ’ का व्हावा, आणि लिहिण्यात ‘यू’ का यावा, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे. हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचे लॅटिन रूप ‘प्रोनुन्तिआरे’. त्यात उघड ‘उ’ आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात जे असंख्य शब्द फ्रेंच भाषेवाटे इंग्रजीत आले, त्यांपैकी हे क्रियापद एक आहे. तेव्हा त्याच्या मध्यावर ‘ऊ’ असा दीर्घ स्वर होता. फ्रेंच लेखनाच्या पद्धतीने दीर्घ ‘ऊ’ दाखविण्यासाठी ‘ओ-यू’ ही अक्षरे वापरीत, म्हणून इंग्रजांनीही तीच वापरली. थोडक्यात, ‘प्रनाउन्स’मधील ‘ओ-यू’ म्हणजे मुळात आपला दुसरा उकार होय. नाम मात्र लांब असल्यामुळे त्यातला उकार पहिला, म्हणजे ऱ्हस्वच राहिला, आणि तो दाखविण्यास एकटा ‘यू’ पुरेसा होता.

पुढे साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान इंग्रजीतील सर्व दीर्घ स्वरांचे उच्चार पालटले. जुना दीर्घ ‘ऊ’ हळूहळू ‘आउ’ झाला. ऱ्हस्व ‘उ’ या वाटेने गेला नाही. तो पुढे निराळ्या रीतीने ‘अ’सारखा झाला. अशा प्रकारे एकाच घरातले दोन भाऊ दोन गावी गेले आणि त्यांची बोली इतकी पालटली की ते भाऊ आहेत हे ऐकून कळेनासे झाले. लेखनात मात्र जुने नाते राहिले आहे. ‘ओ-यू’ आणि ‘यू’ यांचा भेद म्हणजे ‘फूट’ आणि ‘फुटणे’ यांतील ‘फू’ व ‘फु’ यांचाच भेद. फरक इतकाच की मराठीत या जोड्यांत क्रियापद लांब आणि नाम आखूड असते, म्हणून नामात दीर्घ स्वर येतो. इंग्रजीत क्रियापद आखूड आणि नाम लांब असते, म्हणून तेथे नामात ऱ्हस्व स्वर येतो. नियम एकच, दिशा उलट.

‘मेन्टेन’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. येथे नाम फारसे लांबत नाही, दोन अवयवांचे तीनच होतात. पण जोराची जागा बदलते. क्रियापदात जोर ‘टेन’वर असतो. नामात तो मागे सरकून ‘मेन्’वर बसतो, आणि मधला अवयव जोर गमावून इतका पुसट होतो की इंग्रजांच्या तोंडी तो ‘मेन्टनन्स’ असा ऐकू येतो. ज्या अवयवावर जोर आला त्याची ‘ए-आय’ ही जोडी टिकली. ज्याचा जोर गेला त्याची जोडी गेली. वर विचारलेल्या भेदभावाच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. हा शब्दही लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. ‘मानू’ म्हणजे हाताने आणि ‘तेनेरे’ म्हणजे धरणे. हाती धरून ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. जुन्या फ्रेंचमध्ये या ‘तेन्’ धातूचा स्वर जोर पडे तेथे पालटत असे आणि जोर नसे तेथे ‘ए’ असाच राहत असे. इंग्रजी क्रियापद जोराच्या रूपावरून आले, नाम बिनजोराच्या रूपावरून. म्हणून नामात दिसणारा ‘ई’ हे अक्षर नवे नाही. ‘तेनेरे’मधले मूळ अक्षर तेच आहे.

मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला हा शब्द विशेष चकवितो, यालाही कारण आहे. आपल्या भाषांत एका अवयवावर इतका जोर देऊन शेजारचा पुसून टाकण्याची चाल नाही. आपण ‘मेंटेनन्स’ म्हणताना तिन्ही अवयव सारख्याच आदराने उच्चारतो. आपल्या कानाला ‘टेन’ स्पष्ट ऐकू येतो, म्हणून हात ‘ए-आय’ लिहून जातो. चूक हाताची दिसते, पण तिचे मूळ उच्चारात आहे.

आता एखादा नवा शब्द समोर आल्यास काय करावे ते पाहू. ‘एक्स्प्लेन’, म्हणजे समजावून सांगणे, हे क्रियापद घ्या. प्रथम त्याचे अवयव मोजावेत: ‘एक्स्-प्लेन’, असे दोन, आणि जोर ‘प्लेन’वर. नंतर नाम म्हणून पाहावे: ‘एक्स्-प्ल-ने-शन’. अवयव चार झाले व जोर ‘ने’वर गेला. ‘प्लेन’चा नुसता ‘प्ल’ उरला. जोर गेला, स्वर आखडला. तेव्हा लेखनातील ‘ए-आय’ ही जोडीही मोडली पाहिजे. जोडीतले कोणते अक्षर ठेवावे? मूळ लॅटिनमधले. लॅटिन शब्द ‘एक्स्प्लानारे’, म्हणजे सपाट करणे, त्यात ‘आ’ आहे. म्हणून ‘ए’ राहतो आणि ‘आय’ जातो. लॅटिन येत नसले तरी अडत नाही. अशा जोड्यांत बहुधा पहिले अक्षर उरते व दुसरे गळते: ‘रिपीट’मध्ये ‘ई-ए’ आहेत, ‘रेपिटिशन’मध्ये ‘ई’ उरतो, ‘रिव्हील’मध्ये ‘ई-ए’, ‘रेव्हलेशन’मध्ये ‘ई’. ‘प्रनाउन्स’ आणि त्याचे सोबती ‘डिनाउन्स’, ‘रिनाउन्स’ यांत मात्र दुसरे अक्षर, म्हणजे ‘यू’, उरते. ‘मेन्टेन’ व ‘सस्टेन’ यांत जोडीतले कोणतेच न उरता ‘ई’ येतो. हे दोन लहान गट लक्षात ठेवले की पुरे.

सगळ्याच शब्दांचे लेखन बदलत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ‘इन्व्हाइट’चे ‘इन्व्हिटेशन’ होताना ‘आइ’चा ‘इ’ होतो, म्हणजे स्वर येथेही आखडलाच; पण मधले अक्षर दोन्हीकडे ‘आय’ हेच. कारण इंग्रजीत एकटे अक्षर लांब व आखूड अशा दोन्ही उच्चारांना चालते. ‘ओ-यू’ किंवा ‘ए-आय’ यांसारखी जोडी मात्र बहुतेक ठिकाणी लांब उच्चाराचीच खूण असते. तो उच्चार आखडला की ती खूण खोटी ठरते, म्हणून तिला मोडावे लागते. तेव्हा सावध राहावयाचे ते जोडी असलेल्या क्रियापदांपाशी.

आणि जेथे जोर हलत नाही तेथे जोडीही मोडत नाही. ‘अनाउन्स’ आणि ‘प्रनाउन्स’ हे सख्खे भाऊ. पण ‘अनाउन्स’चे नाम ‘अनाउन्समेंट’ होते आणि त्यात ‘ओ-यू’ जसेच्या तसे राहतात. ‘मेंट’ हा प्रत्यय शब्दाला बाहेरून चिकटतो. तो जोराला हात लावीत नाही. ‘नाउन्स’वरचा जोर ‘नाउन्स’वरच राहतो. ‘अक्वेन्टन्स’ म्हणजे ओळख. त्याचा शेवट ‘मेंटेनन्स’सारखाच आहे, तरीही त्यात ‘ए-आय’ टिकतात. कारण जोर ‘क्वेन्’वरून ढळलेला नाही. म्हणजे प्रत्यय पाहून निर्णय करण्यापेक्षा शब्द मोठ्याने म्हणून कानाला विचारणे अधिक भरवशाचे.

नियमाला अपवादही आहेत. ‘फाउंडेशन’ या शब्दात जोर ‘डे’वर गेला, शब्द लांबला, तरी ‘ओ-यू’ व त्याचा ‘आउ’ हा उच्चार दोन्ही जागच्या जागी राहिले आहेत. येथे कानच साक्ष देतो: स्वर आखडला नाही, म्हणून लेखनही बदलले नाही. मराठीतही आपल्या नियमाला अशीच मर्यादा आहे. ‘गुण’, ‘विष’, ‘सुख’ हे अकारान्त शब्द असून त्यांचे उपान्त्य स्वर ऱ्हस्वच लिहितात. आणि ‘सूत्र’ याचे ‘सूत्राने’ केले तरी ‘सू’ दीर्घच राहतो. हे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द आहेत आणि ते आपले मूळचे लेखन सोडीत नाहीत.

आपल्या सीमाभागातील मुलांच्या कानावर तिसरी भाषाही रोज पडते. कन्नडमध्ये ‘आडु’ म्हणजे खेळणे, त्याचे नाम ‘आट’, म्हणजे खेळ. ‘ओडु’ म्हणजे धावणे, नाम ‘ओट’. ‘नोडु’ म्हणजे पाहणे, नाम ‘नोट’, म्हणजे दृष्टी. (या नामांच्या अंती असलेला ‘अ’ कन्नडमध्ये पूर्ण उच्चारतात.) येथे स्वर जागच्या जागी आहे, व्यंजन बदलले आहे: मृदू ‘ड’चा कठोर ‘ट’ झाला. इंग्रजीतही क्रियापद व नाम यांतील असा फरक आढळतो. ‘बिलीव्ह’ म्हणजे विश्वास ठेवणे, नाम ‘बिलीफ’. ‘प्रूव्ह’ म्हणजे सिद्ध करणे, नाम ‘प्रूफ’. मृदू ‘व्ह’चा कठोर ‘फ’ झाला आणि लेखनातही ‘व्ही’च्या जागी ‘एफ’ आला. दोन्ही भाषांत या बदलाची कारणे वेगळी आहेत. तरी तिन्ही भाषांत एक गोष्ट सारखी दिसते. आधी उच्चार बदलतो आणि मग लेखन त्याच्या मागून जाते.

वार्षिक परीक्षेपूर्वी ज्यांना हे तपासून पाहावयाचे असेल त्यांनी तीन क्रियापदे घ्यावीत: ‘एक्स्क्लेम’, म्हणजे उद्गार काढणे, ‘प्रोक्लेम’, म्हणजे जाहीर करणे, आणि वर नाव आलेले ‘सस्टेन’, म्हणजे टिकवून धरणे. पहिल्या दोघांची नामे ‘एक्स्प्लेन’च्या वाटेने जातात, तिसऱ्याचे ‘मेन्टेन’च्या. प्रत्येक नाम मोठ्याने म्हणावे, बाकावर बोटाने ठोके द्यावेत, जोर कोठे पडला ते पाहावे, आणि ज्या अवयवाचा जोर गेला त्यातील जोडी मोडून शब्द लिहावा. नंतर कोश उघडावा. लिहिलेले व छापलेले जुळले, तर तो शब्द पाठ करण्याची गरज उरली नाही असे समजावे.